फोन घरी येतो साडेसहाला

आमचं दुकान कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. मिरची, धने, खोबरं, तीळ आणि चटणीला लागणारा सगळा मसाला. बाहेरगावच्यांसाठी सांगते, आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षाचं तिखट, ताटात डाव्या बाजूला वाढतात ती नव्हे. शिवरात्र झाली की बायका मिरच्या बघत फिरायला लागतात आणि वळीव सुरू व्हायच्या आत कांडप उरकून घेतात. आमची वर्षाची निम्मी कमाई त्या तीन महिन्यांतली. आणि गिऱ्हाईक म्हणाल तर आजूबाजूच्या दहा-बारा गल्ल्यांतलं. पाच किलो मिरची डोक्यावर घेऊन कोण लांबून येणार?

गेल्या वर्षी हंगाम जरा थंड गेला. पप्पा काही बोलले नाहीत, पण रात्री गल्ला मोजताना त्यांची बोटं लवकर थांबायची. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. म्हटलं, दुकानाचं इन्स्टाग्राम खातं काढून रील टाकूया. पप्पा म्हणाले, "टाक. पण माझं तोंड दाखवू नकोस."

सुरुवातीचे दोन महिने मी सकाळी दहा-अकराच्या सुमारास टाकायचे. कारण काही मोठं नव्हतं. त्या वेळी दुकानाच्या तोंडाशी ऊन येतं, पोत्यातली ब्याडगी लालभडक दिसते, गिऱ्हाईक नसतं आणि माझं कॉलेज दुपारचं. चित्रीकरण केलं की तिथंच उभ्या उभ्या टाकून मोकळी.

त्यातली एक रील उडाली. आई सुपात मिरच्यांची देठं खुडतेय, वर त्या महिन्यात गाजत असलेलं गाणं. दोन दिवसांत बावीस हजार व्ह्यूज. मी कॉलेजात सगळ्यांना दाखवत फिरले. पप्पांनी संध्याकाळी विचारलं, "मग? त्यातलं कोण आलं?" कोणीच आलं नव्हतं. एका माणसाचा हिंदीत मेसेज आला होता, अर्धा टन ब्याडगीचा भाव काय म्हणून. एवढी मिरची आमच्या दुकानात मावतसुद्धा नाही.

तेव्हा पहिल्यांदा मी त्या रीलखालच्या इनसाइट्स उघडायला गेले, तर काही दिसेचना. खातं साधं होतं. सेटिंगमध्ये जाऊन ते व्यावसायिक करावं लागतं, आणि केल्यानंतर जे टाकाल त्याचेच आकडे दिसतात, मागचे नाहीत. बावीस हजार लोक कुठले होते ते मला आजही माहीत नाही. खातं बिझनेस प्रकारचं केल्यावर आणखी एक झालं. गाजणारी बरीचशी गाणी वापरायला मिळेनात, कारण धंद्याच्या खात्यांना त्यांची परवानगी नसते. मी वैतागले. पण मग गाण्याऐवजी सुपाचा, तराजूचा, मिरची मोडल्यावर होणारा आवाजच ठेवायला लागले आणि पप्पांचा आवाज मागून घ्यायला लागले. "ही ब्याडगी रंगाला, ही संकेश्वरी चवीला, आणि ही लवंगी नवऱ्यावर राग असंल तर." तोंड न दाखवता ते बोलायला तयार झाले.

संध्याकाळचं कळलं ते चुकून कळलं. एका मंगळवारी सकाळपासून लाईट नव्हती, घरचं वायफाय बंद, मोबाईलचा डेटा संपलेला. रील तयार होती, पण टाकली गेली ती संध्याकाळी सातला पाच मिनिटं कमी असताना. साधीच होती. संकेश्वरी मिरची हातात मोडून दाखवलेली, आतलं बी किती आहे ते. दुसऱ्या दिवशी बघितलं तर व्ह्यूज सहाशेच्या आत. म्हटलं, वाया गेली. आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत पाच बायका आल्या, "ती मोडून दाखवलेली मिरची कुठली?" विचारत.

आता इनसाइट्स नीट बघायला बसले. व्ह्यूजचा आकडा वर मोठ्या अक्षरात असतो म्हणून डोळे तिथंच जातात. त्याच्या खाली जरा उतरलं की फॉलोअर आणि फॉलोअर नसलेले अशी वाटणी दिसते. सकाळच्या रील्समध्ये बघणाऱ्यांतले तीन हिस्से अनोळखी आणि एक हिस्सा फॉलोअर. या एका रीलमध्ये उलट, शंभरातले जवळपास पासष्ट फॉलोअर. आणि कागदी विमानासारखी खूण असते ना, रील दुसऱ्याला पाठवायची, तिच्याखाली अकरा. आधीच्या कुठल्याच रीलला तो आकडा तीनच्या वर नव्हता.

फॉलोअर म्हणजे शेजारी असं मात्र धरता येत नाही. माझ्या सहाशे-साडेसहाशे फॉलोअरांत कॉलेजच्या मैत्रिणी होत्या, पुण्याला नोकरीला गेलेले चुलत भाऊ होते, आणि देठांची रील बघून आलेले कुठले कुठले लोक होते. खात्याच्या इनसाइट्समध्ये शहरांची यादी येते. तीत कोल्हापूर पहिलं, पुणे दुसरं. पण ती यादी शहरापाशी थांबते. कसबा बावड्याचा माणूस आणि आमच्या बोळातला माणूस तिथं एकच. पेठ, गल्ली काही कळत नाही. आम्हाला तर गल्लीचंच पाहिजे होतं.

म्हणून पुढचं मोजमाप दुकानाच्या फळीवर करायचं ठरवलं. उधारीच्या वहीची मागची पानं कोरी होती. मार्च महिन्याचे चार आठवडे, आठवड्यातून दोन रील, मंगळवारी आणि शुक्रवारी, म्हणजे आठ. त्यातल्या चार सकाळी साडेदहाला, चार संध्याकाळी पावणेसातला. पहिल्यांदा मी सगळे मंगळवार सकाळी आणि सगळे शुक्रवार संध्याकाळी असं मांडलं होतं. मग लक्षात आलं की शुक्रवारनंतर शनिवार-रविवार येतो, तेव्हा तसंही गिऱ्हाईक जास्त. संध्याकाळ आपोआप जिंकली असती. म्हणून एका आठवड्यात मंगळवार सकाळ आणि शुक्रवार संध्याकाळ, दुसऱ्यात उलट, असं फिरवलं. रील्सही एकाच धाटणीच्या ठेवल्या. एक मिरची किंवा एक मसाला, पप्पांचा आवाज, तीस सेकंदांच्या आत. सगळं चित्रीकरण सकाळच्या उन्हातच करायचं आणि संध्याकाळची वेळ लावून ठेवायची. व्यावसायिक खात्यात तशी सोय आहे. पहिल्या महिन्यात मला उगाच वाटत होतं की संध्याकाळी टाकायची म्हणजे ट्यूबलाइटमध्ये काढायची.

आकडे लिहायचीही एक शिस्त लागली. आधी मी सगळ्या रील्सचे आकडे एकदम उतरवायचे, आणि जुनी रील नेहमी पुढं दिसायची, कारण तिला बघितलं जायला दिवस जास्त मिळालेले असायचे. आता प्रत्येक रीलचे आकडे टाकल्यापासून बरोबर चोवीस तासांनी लिहायचे, नंतर त्याला हात लावायचा नाही. व्ह्यूजऐवजी किती खात्यांपर्यंत पोहोचली ते. एकाच बाईनं तीनदा बघितली तर व्ह्यूज तीन होतात, पण गिऱ्हाईक एकच असतं.

आता राहिला प्रश्न, दुकानात आलेलं माणूस कुठली रील बघून आलं हे कसं ओळखायचं? "कुठं बघितलं?" असं विचारलं तर बायका "मोबाईलवर" म्हणतात, विषय संपला. म्हणून रीलच्या शेवटी पप्पांच्या आवाजात एक वाक्य घातलं. सकाळच्या रीलमध्ये, "रील बघून आलाय म्हणून सांगा, तमालपत्र फुकट." संध्याकाळच्या रीलमध्ये तेच, फक्त दगडफूल फुकट. जो जे मागेल त्यावरून रील कळणार. वहीत दोन रकाने, 'त' आणि 'द', आणि पप्पांनी प्रत्येकाला एक उभी रेघ मारायची. रील टाकल्यापासून तीन दिवसांत आलं तरच रेघ, पुढचं धरायचं नाही.

दोन आठवडे झाले. 'त'मध्ये पाच रेघा, 'द'मध्ये सोळा. मी वही नाचवत आत गेले. आई भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची नजर न काढता विचारलं, "दगडफूल कितीला जातंय आता?"

मी भाव सांगितला.

"आणि तमालपत्र?"

तोही सांगितला. आणि सांगता सांगताच गार पडले.

"मी असतो तर मी पण दगडफूलच घ्यायला आलो असतो," आई म्हणाली. (आमच्याकडं बायकासुद्धा 'मी आलो' म्हणतात, हसू नका.) "तमालपत्राची झाडं काय, हितं दोन बंगल्यांच्या दारात हायत. त्यासाठी कोण पाय मोडून येईल?"

सगळ्या खटाटोपातली ही सगळ्यात मोठी खोट होती, आणि ती मला सापडली नव्हती. माणसं संध्याकाळमुळं आली की दगडफुलामुळं, हे त्या वहीतून कळणं शक्यच नव्हतं. मग उरलेल्या दोन आठवड्यांत अदलाबदल केली. सकाळी दगडफूल, संध्याकाळी तमालपत्र. दगडफुलाची ओढ असेल तर आता सकाळ वर जायला पाहिजे.

सकाळ थोडी वर गेली. पाचावरून सातावर. संध्याकाळ सोळावरून चौदावर आली. म्हणजे दगडफुलाचा हात होता, पण एवढाच. चारही आठवड्यांची बेरीज सकाळच्या बारा, संध्याकाळच्या तीस. चोवीस तासांत सकाळच्या रील्स जास्त खात्यांपर्यंत पोहोचल्या होत्या, साधारण नऊशे, तर संध्याकाळच्या सातशेच्या आसपास. फक्त नऊशेतले फॉलोअर सव्वादोनशे आणि सातशेतले सव्वाचारशे. चार-चार रील्सवरून फार मोठं काही सिद्ध होत नाही हे मला आमच्या संख्याशास्त्राच्या सरांनी आधीच ऐकवलेलं आहे. पण बारा आणि तीस हा फरक पप्पांना समजावायला पुरेसा होता.

मला मात्र कारण हवं होतं. इनसाइट्समध्ये फॉलोअर कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी जागेवर असतात त्याचे खांब दिसतात. आमचे सकाळी बुटके, संध्याकाळी सहापासून उंच होत जाणारे, आणि सगळ्यात उंच रात्री नऊचा. मी समजले, दिवसभर कामं, रात्री निवांत, म्हणून. सगळ्यांचंच तसं असतं.

खरं कारण तालमीमागच्या एका काकींनी सांगितलं. त्या दगडफूल मागायला आल्या होत्या. वय साठीच्या पुढं, हातात बटणांचा छोटा फोन. मी विचारलं, "काकी, तुम्ही रील कुठं बघितली?"

"मी कुठनं बघतोय बाई! पोराच्या फोनात. त्यो शिरोलीला कंपनीत हाय. सकाळी फोन त्याच्याबरोबर जातोय, साडेसहाला त्याच्याबरोबर येतोय. चहा प्यायला बसला की म्हणतोय, आई, हे बघ, मंगळवार पेठेतलंच दुकान हाय. मग मी म्हणलं, व्हय की, हे तर आपल्या ह्यांचंच."

मी वहीतल्या तीस रेघा डोळ्यांसमोर आणल्या. आमची चटणी कोण ठरवतं? सासू, आई, काकी. किती मिरची, ब्याडगी किती आणि लवंगी किती, हे त्यांच्या डोक्यात. आणि इन्स्टाग्राम कुणाकडं? मुलाकडं, सुनेकडं, कॉलेजातल्या नातीकडं. सकाळी साडेदहाला माझी रील शिरोलीच्या कारखान्यात, नाहीतर राजारामपुरीतल्या क्लासच्या बाकावर बघितली जात होती. बघणारा अंगठा वर सरकवून पुढं जाणार. त्याला मिरचीशी काय देणंघेणं? संध्याकाळी तोच फोन आणि चटणी ठरवणारी बाई एका खोलीत येतात. कागदी विमानाखालच्या त्या अकराचाही अर्थ तेव्हा लागला. सून बाहेर असली तर घरच्या ग्रुपवर पाठवते, शेजारी बसलेली असली तर नुसता फोन पुढं करते. नुसता पुढं केलेला फोन कुठल्याच इनसाइट्समध्ये मोजला जात नाही.

मग मी शहाणपणा केला आणि सगळ्यात उंच खांबावर, म्हणजे रात्री नऊला टाकायला लागले. फॉलोअरांचा आकडा आणखी वाढला. दुकानात येणारे घटले. आम्ही साडेनऊला शटर ओढतो. नऊला बघितलं तर आज कोणी येत नाही, आणि उद्या सकाळी नळाचं पाणी, डबे, यात मिरची कुणाच्या लक्षात राहतेय? पावणेसातला बघितलं तर भाजी आणायला बाहेर पडतानाच आमच्याकडं वळतात. त्यांचा खांब नऊचा असला तरी आमचा पावणेसातचाच. नऊची वेळ मी आता वेगळ्या कामाला ठेवलीय. 'उद्या कांडपाला मिरची लागणार असेल तर आत्ताच मेसेज करा, निवडून, तोलून ठेवतो' अशी स्टोरी टाकते. तिला दोन-तीन तरी निरोप येतात.

एप्रिल मी असा सुखात काढला. मे महिन्यात सगळं विस्कटलं. एक रील लावून ठेवताना माझ्याकडून वेळ चुकली, संध्याकाळी पावणेसातऐवजी सकाळी पावणेसात. मला कळलं ते दहा वाजता. काढून टाकणार होते, तेवढ्यात एक मुलगा आईचा हात धरून आला. वय असेल दहा-अकरा. "हेच दुकान," म्हणाला. दुपारपर्यंत आणखी तिघी. संध्याकाळची जादू गेली की काय? खांब बघितले तर ते सपाट व्हायला लागले होते, सकाळ आणि दुपार उंच झालेली. मी काकींचं बोलणं आठवलं आणि उत्तर मिळालं. परीक्षा संपल्या होत्या. कॉलेजातली नात घरी, तिचा फोन घरी, सुट्टीला आलेली भाचरं घरी. मे महिन्यात फोन दिवसभर घरातच होता. म्हणजे पावणेसातला घड्याळात काही शुभ नव्हतं, फोन घरी असणं महत्त्वाचं. जूनमध्ये शाळा-कॉलेजं उघडली आणि दोन आठवड्यांत खांब पुन्हा संध्याकाळकडं झुकले.

पप्पा आता या सगळ्यात माझ्यापेक्षा तयार झालेत. संध्याकाळी गल्लीतून कामावरची माणसं परतायला लागली की ते फळीवरून आत ओरडतात, "आले गं सगळ्यांचे फोन घरी!" शेजारच्या बेकरीवाल्यांनी त्यांना वेळ विचारली तर सरळ पावणेसात म्हणून सांगून मोकळे. मी त्यांना म्हटलं, बेकरीचं वेगळं असेल, पाव सकाळी लागतो, त्यांनी स्वतःचं मोजायला पाहिजे. पप्पा म्हणाले, "मोजू देत की. वही त्यांच्याकडं पण हाय."

जूनच्या शेवटी, पाऊस लागलेला, हंगाम संपलेला, एक बाई छत्री मिटत आल्या. पावशेर धने घेतले आणि म्हणाल्या, "आणि ते दगडफूल फुकटचं."

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. ती रील मार्चमधली. पण कुठली, आधीची संध्याकाळची की अदलाबदलीनंतरची सकाळची? आणि तीन दिवसांचा नियम तर कधीच उलटून गेलेला. मी विचारलं, "कधी बघितली होती तुम्ही?"

"कालच. पोरीनं दाखवली. संध्याकाळी."

पप्पांनी चिमूटभर दगडफूल पुडीत बांधून दिलं. मग वही काढली, मागचं पान उघडलं आणि पेन हातात धरून बराच वेळ थांबले. शेवटी दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवरच एक उभी रेघ मारली आणि वही मिटली.